उपक्रमानंतर छळाच्या तक्रारी वाढल्या. मुख्याध्यापक तो बंद करायला निघाले आहेत. मदत हवी आहे.

वर्गशिक्षिका
आमच्या शाळेत यंदा छळप्रतिबंधाचा उपक्रम सुरू केला. प्रत्येक वर्गातून दोन ‘मित्रदूत’ निवडले, भित्तिपत्रके लावली, पालकांना पत्र पाठवले. सुरुवातीच्या सर्वेक्षणात ३१ मुलांनी त्रास होतो असे लिहिले होते. वर्षअखेरीच्या सर्वेक्षणात हा आकडा ५८ झाला. मुख्याध्यापकांच्या मते उपक्रमाने उलटाच परिणाम केला आहे. परवा बैठक आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही. उपक्रम खरोखरच फसला का, एवढेच कृपया सांगा.

काटेकोर
एवढ्या माहितीवर कोणीही काही सांगू शकणार नाही. दोन्ही वेळा प्रश्न तेच होते का? उत्तरपत्रिकेवर नाव होते का? मुले लिहीत असताना वर्गात कोण उभे होते? आणि हे मित्रदूत नेमके काय करतात?

नियमबद्ध
सर्वेक्षणांचा नाद सोडावा. त्रास देणाऱ्याला पहिल्याच वेळी निलंबित केले की बाकीचे आपोआप सुधारतात. मी वीस वर्षे शिकवतो आहे आणि माझ्या वर्गात हा प्रश्न कधी उद्भवलेला नाही.

काटेकोर
नियमबद्ध सर, उद्भवला नाही की आपल्यापर्यंत पोहोचला नाही? मूल असा त्रास सांगितलाच तर बहुधा आधी मित्राला किंवा घरी सांगते, शिक्षकाला क्वचितच.

दोघांची आई
माझ्या मुलाला वर्गाच्या गटसंदेशांत टोपणनावाने चिडवत होते. मी थेट त्या दुसऱ्या मुलाच्या आईला फोन केला. तिचे म्हणणे असे की तिचा मुलगा असे करूच शकत नाही. दुसऱ्या दिवशी ‘आईला सांगणारा’ म्हणून माझ्या मुलाला आणखी चिडवले. म्हणून पालकांनी आपसात बोलावे असा सल्ला कोणी देऊ नये. मुलांच्या हातातले फोनच काढून घ्यावेत.

वर्गशिक्षिका
ताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले, पण माझा प्रश्न फोनचा नाही. काटेकोर, उत्तरे देते. पहिल्या सर्वेक्षणात पानावर हजेरी क्रमांक लिहायला सांगितले होते आणि प्रश्न एकच होता: ‘तुम्हाला कोणी त्रास देते का?’ दुसरे सर्वेक्षण निनावी होते. त्यात चिडवणे, मारणे, खेळात न घेणे, वस्तू लपवणे हे वेगवेगळे विचारले होते. मित्रदूत भांडणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवतात. सातवीतल्या एका मुलीशी तीन मैत्रिणींनी बोलणे बंद केले होते. मित्रदूतांनी चौघींना बसवून हस्तांदोलन करायला लावले. त्यानंतर त्या मुलीने शाळेत यायलाच नकार दिला.

पारंबी
मी या विषयावर शाळांबरोबर बरीच वर्षे काम केले आहे. तुमचे दोन आकडे मुळात तुलनेला घेताच येत नाहीत. हजेरी क्रमांक लिहिलेल्या कागदावर मूल सावध राहते. शिवाय ‘त्रास’ या मोघम शब्दात वाळीत टाकणे बसते, हे अनेक मुलांच्या लक्षातच येत नाही. त्यामुळे ३१ हा आकडा खालचा असण्याची शक्यता दाट आहे. उपक्रम यशस्वी झाला असेही ५८ वरून म्हणता येत नाही. इतकेच म्हणता येते की दुसरे सर्वेक्षण खरी आरंभरेषा आहे. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, तोच निनावी कागद, ‘गेल्या दोन-तीन महिन्यांत किती वेळा’ अशा ठरावीक कालमर्यादेसह द्यावा. महिन्यातून दोन-तीन वेळा किंवा अधिक, अशी उत्तरे वेगळी मोजावीत, कारण एखाद्या वेळचे भांडण आणि सततचा छळ यांची बेरीज केली की आकडा काहीच सांगत नाही.

मला खरी काळजी वाटते ती मित्रदूतांची. समेट दोन समान बळाच्या मुलांमध्ये होतो. तीन विरुद्ध एक असताना त्या मुलीला हात पुढे करायला लावणे म्हणजे दोष दोन्हीकडे आहे असे तिला सांगणे. टोफी आणि फॅरिंग्टन या संशोधकांनी २०११ साली अनेक देशांतील उपक्रमांचे निष्कर्ष एकत्र केले. छळ सरासरी २० ते २३ टक्के कमी झाला होता, मात्र समवयस्कांवर औपचारिक जबाबदारी टाकलेल्या उपक्रमांत छळ सोसणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. पालकांच्या बैठका, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मैदानावरील देखरेख यांचा संबंध घट होण्याशी होता.

नियमबद्ध
त्याच अभ्यासात ठाम शिस्तीचाही उपयोग दिसला होता. ते आपण वगळलेत.

पारंबी
आपले म्हणणे खरे आहे, मी ते सांगायला हवे होते. परंतु तिथली शिस्त म्हणजे त्या मुलाशी ठामपणे बोलणे, ठरलेले परिणाम भोगायला लावणे अशा गोष्टी होत्या. पहिल्याच चुकीला निलंबन हा त्याचा अर्थ नव्हे. निलंबनाची भीती असली की सोसणारे मूलही तोंड उघडत नाही, कारण ‘तुझ्यामुळे त्याला काढले’ हे ओझे त्याच्यावर येते.

काटेकोर
मग मुलांना यातून वगळायचेच का? फिनलंडमधील ‘किवा’ नावाचा छळप्रतिबंधाचा उपक्रम तर बघ्या मुलांवरच उभा आहे.

पारंबी
वगळायचे नाही, मुलांचे काम बदलायचे. क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांच्या संशोधनात दिसले की छळात साथीदार असतात, हसून चेव आणणारे असतात, बाजूला राहणारे असतात आणि पाठीशी उभे राहणारेही असतात. हसणारे हसायचे थांबले की छळणाऱ्याची प्रतिष्ठा घसरते. म्हणून ‘किवा’मध्ये संपूर्ण वर्गाबरोबर वर्षभर तासिका होतात, आणि प्रत्यक्ष प्रकरण मोठी माणसे हाताळतात.

तुमच्या सातवीतल्या मुलीसाठी क्रम असा ठेवता येईल. प्रथम एक प्रशिक्षित शिक्षक तिच्याशी एकटीशी बोलेल. मग त्या तिघींना एकामागून एक, परस्परांशी बोलायला वेळ न देता, स्वतंत्र भेटेल आणि प्रत्येकीकडून ‘मी काय वेगळे करीन’ हे नेमके ठरवून घेईल. वर्गशिक्षिका वर्गात वजन असलेल्या पण मनमिळाऊ अशा दोन-तीन मुलींना बोलावून तिला गटकामात आणि मैदानावर सोबत द्यायला सांगेल. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा आधी तिला, नंतर तिघींना भेटावे. दुसरी भेट झाली नाही, तर पहिलीचा परिणाम बहुधा ओसरतो. पालकांना शाळेने कळवावे, कोणत्याही पालकांनी परस्पर फोन करू नये; त्या ताईंच्या अनुभवाचे कारण हेच आहे.

दोघांची आई
शाळेने मला एकदाही बोलावले नव्हते. बोलावले असते तर मी फोन केलाच नसता.

वर्गशिक्षिका
पारंबी, मनापासून आभार. बैठकीत दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवीन आणि मित्रदूतांकडून समेटाचे काम काढून घ्यावे असे सुचवीन. एक शंका उरते. आमची नववी-दहावीची मुले अशा तासिकांना बालिश समजतात. त्यांच्यासाठी काय करावे?

पारंबी
तिथे माझ्याकडे खात्रीचे उत्तर नाही. ‘किवा’चा परिणामही लहान वर्गांत जास्त आणि मोठ्या वर्गांत कमी दिसला, आणि आठवीपासून पुढे असे उपक्रम निष्प्रभ होतात असेही काही संशोधकांनी मांडले आहे. आणखी एक सांगते: वर्गातला छळ कमी होतो तेव्हा उरलेल्या एक-दोन मुलांचे हाल वाढू शकतात, कारण ‘हे फक्त माझ्याच बाबतीत होते, म्हणजे दोष माझाच’ असे त्यांना वाटू लागते. पुढच्या वर्षी ५८ चे २० झाले, तर त्या २० जणांकडे आधी पाहावे.

नियमबद्ध
दहावीला मी शिकवतो. मैदानावरची देखरेख मी मोठ्या वर्गांतही करून पाहीन, परंतु मधल्या सुट्टीत जिन्याखाली कोणी उभे राहायचे, हे आधी वेळापत्रकात लिहिलेले हवे.

वर्गशिक्षिका
सर, आमच्याकडे ते कुठेही लिहिलेले नाही. बैठकीत तो मुद्दा पहिला घेते.