हळदीचा साबण, पाच पिढ्यांची आजी आणि 'वांग गायब'

राजारामपुरी_साबणवाली: हळदीच्या साबणाची खोकी छापायला टाकायची आहेत. डिझायनर म्हणतोय लिहा, "पाच पिढ्यांचा आजीबाईचा बटवा, केमिकल-फ्री, २१ दिवसांत वांग आणि इसब गायब, कोल्हापूरची अस्सल हळद." माझं मन घेत नाही. पण खरंखुरं लिहिलं तर खपणार कसा?

भट्टीवाला: असली खोकी बघून डोकं फिरतं म्हणून सविस्तर लिहितोय. ताई, साबण कॉस्टिक सोड्याशिवाय होतो का? किलोभर खोबरेल तेलाला साधारण १८३ ग्रॅम लागतं, त्यातही पाचेक टक्के कमी धरायचं, म्हणजे थोडं तेल सुटं राहतं आणि कातडी ओढत नाही. माप बरोबर असेल तर वाळलेल्या वडीत कॉस्टिक उरत नाही, हे खरं. पण म्हणून 'केमिकल-फ्री'?

आता हळद. कॉस्टिकच्या घाण्यात हळद टाकली की क्षणात विटकरी लाल होते, मग वाळता वाळता तपकिरी. क्षारात तिचा रंगद्रव्याचा भाग टिकतच नाही. जो उरेल तो अर्धा मिनिट अंगावर राहून मोरीत जातो. त्यानं वांग जायचं?

आणि इसबाचं नाव घेतलंत की तो सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषधाचा दावा होतो. तुमचं लायसन्स साबणाचं असणार. असेलच ना?

गंगावेस_गडी: आले शहाणे! मोठ्या कंपन्या टीव्हीवर काय काय दाखवतात, त्यांना कोण विचारतं? गरिबाच्या साबणावर सगळे तुटून पडतात. आमच्या वहिनीचे मुरुम हळदीच्या साबणानंच गेले. डोळ्यांनी बघितलंय.

भट्टीवाला: गेले असतील. तोंड धुतल्यानं तेलकटपणा कमी होतो, मुरुम आपोआपही जातात. दुसरं काही बदललं नव्हतं, हे वहिनींना विचारलंत का?

गंगावेस_गडी: वहिनीपर्यंत जाऊ नका.

कागलची_मृणाल: माझ्या मुलीला कोपरात इसब आहे. मग कुठला हर्बल साबण चालेल?

भट्टीवाला: कुठलाच मी सांगणार नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. साबण मुळात क्षारी, इसबाची कोरडी कातडी त्यानं आणखी फाटते. हे असे प्रश्न येतात, म्हणूनच खोक्यावर इसब नको म्हणतोय.

वैद्य_नाही_पण: आयुर्वेदिक लायसन्स काढा की सरळ. मग काय वाट्टेल ते लिहिता येतं.

शाहूपुरी_वकील: अर्धं बरोबर. ते लायसन्स वेगळं, त्यावर औषधी उपयोग लिहिता येतो. पण 'वाट्टेल ते' नाही. १९५४ चा जादुई उपचारांचा कायदा तिथंही लागू आहे, ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या त्याच्या यादीत पांढरे डागसुद्धा आहेत. आणि घरी साबण करून विकायलाही अन्न व औषध प्रशासनाचं लायसन्स लागतं. 'घरगुती आहे हो' म्हणून सूट मिळत नाही.

सांगलीकर_हळद: मुख्य मुद्दा सगळे विसरलात. 'कोल्हापूरची अस्सल हळद' म्हणजे काय? हळद सांगलीची! भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, २०१८ पासून आमच्याकडे आहे. तुम्ही गूळ विका.

गंगावेस_गडी: हळद कोल्हापुरात पिकत नाही का? कुठल्या शेतात फिरलाय?

सांगलीकर_हळद: पिकते. पण ताई घेतात कुठली, ते सांगू देत.

राजारामपुरी_साबणवाली: सांगलीच्या मार्केटातनंच घेते. दळून कोल्हापुरात.

सांगलीकर_हळद: बघा!

गंगावेस_गडी: दळली इथं म्हणजे आमचीच झाली.

शाहूपुरी_वकील: हो, आणि मुंबईतून दूध आणून तापवलं की म्हैस माझी. अहो, 'सांगलीची हळद, कोल्हापुरात दळलेली' एवढं लिहा. लपवायचं काय त्यात?

आजी_म्हणते: आणि आजीचं काय? पाच पिढ्या म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं. तेव्हा घरोघरी कॉस्टिक होतं का? माझी आजी दिवाळीला हळद, डाळीचं पीठ आणि साय लावायची. साबण दुकानातनं आणायची. आजकाल ज्याला त्याला ब्रँडसाठी एक आजी लागते.

राजारामपुरी_साबणवाली: माझी आजीही उटणंच करायची. साबण मी क्लासमध्ये शिकले.

भट्टीवाला: मग तेच छापा. "आजी दिवाळीला हळदीचं उटणं करायची. त्या वासाचा साबण करावासा वाटला, म्हणून मी साबण शिकले. खोबरेल आणि एरंडेल तेल, सांगलीची हळद. सहा आठवडे वाळवलेला. रंग तपकिरी आहे, कारण वरून पिवळा रंग घातलेला नाही. अंग स्वच्छ करतो, रोगावर औषध नाही." घटकांची यादी, बॅच नंबर, तारीख वेगळी. आधी कोपराच्या आत लावून बघायला सांगा, नैसर्गिक म्हणून कुणाला खाज सुटत नाही असं नसतं.

गंगावेस_गडी: 'औषध नाही' असं लिहून साबण विकायचा! धन्य आहे. आजीचं उटणं तेवढं बरं वाटलं, कबूल.

राजारामपुरी_साबणवाली: मलाही. पण 'त्वचा उजळते' एवढं तरी ठेवू का? गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं.

शाहूपुरी_वकील: सिद्ध करता येणार असेल तर ठेवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे.

आजी_म्हणते: मळ निघाला की उजळतेच. त्यात खोटं काय?

भट्टीवाला: वाचणारा मळ वाचत नाही, गोरेपणा वाचतो. 'स्वच्छ वाटते' लिहा.

आजी_म्हणते: मला पटत नाही. एवढं कीस काढलं तर खोकं कोरंच राहील.

गंगावेस_गडी: छापा तुमचं खरं. माझ्या मेव्हण्याचा हळद साबण दिवाळीत शेजारीच लावतो, पिवळाधमक. बघू कुणाचा माल उरतो ते.

भट्टीवाला: लावा. आणि तो पिवळाधमक कसा राहतो, तेही खोक्यावर लिहायला सांगा मेव्हण्याला.