अनुभव धागा: निवेदकावर भरवसा नसेल, तर कादंबरीबद्दल ठामपणे काय म्हणता येतं?

मृण्मयी: उदाहरण इशिगुरोच्या 'द रिमेन्स ऑफ द डे'चं (1989) घेऊ. बटलर स्टीव्हन्स सगळं स्वतःच सांगतो. एखादं विधान करण्याआधी तुम्ही काय तपासता?

रात्रपाळी: मालकाच्या घरी भरलेल्या 1923 च्या परिषदेचा प्रसंग बघा. वरच्या मजल्यावर स्टीव्हन्सचे वडील मरतात आणि खाली हा पाहुण्यांना पोर्ट वाइन देत फिरतो. स्वतःला काय वाटलं यावर अवाक्षर नाही. मग त्याचे मालक लॉर्ड डार्लिंग्टन म्हणतात, तू रडतोयस असं दिसतंय; हा हसतो, चेहरा पुसतो आणि दिवसभराच्या दगदगीवर ढकलतो. तेव्हा 'स्टीव्हन्स रडला' हे मी बेधडक लिहीन. 'त्याला अपराधी वाटलं' हे मात्र नाही. उलट ती रात्र आठवली की त्याला विजयाचीच भावना होते, असं तो म्हणतो.

ऋतुजा: मग तो जे म्हणेल त्याच्या उलटं धरायचं. अभिमान म्हणाला की दुःख.

रात्रपाळी: तसं केलं तर कुठल्याही वाक्यातून काहीही काढता येईल. उलटं वाचायला मजकुरातच काहीतरी खटकावं लागतं. इथे तो पुसलेला चेहरा खटकतो.

जुना वाचक: पण डार्लिंग्टनचे शब्दही स्टीव्हन्सच सांगतोय की! मग तो पुरावा कसा?

रात्रपाळी: मुद्दा बरोबर. पण स्वतःचा रुबाब जपणारा माणूस त्याला बाधा आणणारं वाक्य मुद्दाम कशाला रचेल? म्हणून त्याला वजन जास्त. खात्री मात्र नाहीच.

सदानंद: माझ्या कादंबरीतला निवेदक तिसऱ्या प्रकरणात खोटं बोलतो. ते वाचकाला कळावं कसं?

मृण्मयी: धागा वाचण्याबद्दल आहे, पण चालेल. दुसऱ्या पात्राच्या तोंडी त्याच्याशी न जुळणारं एखादं साधं वाक्य घाला, आणि निवेदकाला ते जाता जाता झटकू द्या.

जुना वाचक: मला त्याच घरातल्या हाउसकीपर मिस केंटनच्या बंद दाराचा प्रसंग जास्त बोलका वाटतो. आपण दाराबाहेर उभे होतो आणि आत ती रडत होती, ही आठवण तो आधी तिच्या मावशीच्या मृत्यूशी जोडतो. पुढे स्वतःच दुरुस्त करतो: छे, ती रात्र तिने लग्नाला होकार दिल्याचं सांगितलं तेव्हाची. आणि रडण्याचा आवाज ऐकला नव्हता, हेही कबूल करतो. म्हणजे तिच्या रडण्याला आधार फक्त त्याची खात्री! 'ती रडली' असं लिहिणारे बरेच लेख इथेच घसरतात. 'ती रडत असावी असं त्याला वाटलं, आणि ते कोणत्या रात्री हेच तो विसरला', इतकंच हाती येतं.

ऋतुजा: मग तो खोटारडा नाही?

जुना वाचक: खोटारडा स्वतःची चूक उघड करेल का? माझ्या मते तो विसरतो, आणि सोयीचं तेच विसरतो.

रात्रपाळी: 'सोयीचं' कशावरून? दुरुस्त केलेली आठवण तर त्याला जास्त बोचणारी आहे.