शब्दचर्चा: 'ऊसिया' आणि 'हुपोस्टासिस' एकच की वेगळे?

परीक्षार्थी: बी.टीएच.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्रैक्यावरचा प्रश्न हमखास येतो आणि नोट्समध्ये ग्रीक शब्दांचं सूत्र दिलंय, देवात 'ऊसिया एक, हुपोस्टासिस तीन'. काल निकियाच्या ३२५च्या परिषदेच्या विश्वासांगीकाराचा मूळ मजकूर वाचायला घेतला. त्याच्या शेवटी शाप आहेत, आणि 'पुत्र वेगळ्या हुपोस्टासिसचा किंवा ऊसियाचा आहे' असं म्हणणाऱ्यांनाही त्यात गोवलंय. म्हणजे निकियाच्या हिशेबाने पिता-पुत्राचं हुपोस्टासिस एकच झालं की! मग तीन म्हणणारे पाखंडी ठरत नाहीत का? आणि मराठीत या दोघांना काय म्हणायचं?

गोदाकाठ: एवढं अवघड का करताय? आपल्याकडे त्रिमूर्ती आहेच. देव एकच. निर्माण करताना ब्रह्मा, सांभाळताना विष्णू, संहार करताना महेश. तसंच पिता, पुत्र, पवित्र आत्मा.

जुनी पोथी: गोदाकाठ, त्रिमूर्तीबद्दल मी बोलत नाही, पण पेपरात हे लिहिलं तर मार्क जातील. एकच देव कामाप्रमाणे वेगळं रूप घेतो, हे मत तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावावर चढलं आणि चर्चने ते नाकारलं. अडचण साधी आहे. गेथशेमानेत येशू पित्याची प्रार्थना करतो. रूपंच बदलत असतील तर तो प्रार्थना कोणाची करत होता? त्याच्याही आधी तर्तुल्लियनने प्राक्सियसला टोमणा मारला होता की याने तर पित्यालाच क्रुसावर चढवलं.

इकार-उकार: मला वाटतं सगळं भांडण एका अक्षराचं होतं. अथनासियस म्हणे होमोऊसियोस, म्हणजे त्याच तत्त्वाचा. एरियस म्हणे होमोइऊसियोस, म्हणजे तशाच तत्त्वाचा. मधल्या इकारावरून साम्राज्य पेटलं.

जुनी पोथी: अर्धं बरोबर. इकाराचं भांडण झालं, पण एरियसशी नाही. तो ३३६ मध्येच वारला. इकारवाल्यांचा गट ३५८च्या सुमाराला अंकायराच्या बासिलभोवती जमला, आणि ते एरियसवादी नव्हतेच. त्यांना भीती सबेलियसची होती. 'तोच' म्हटलं की पिता आणि पुत्र एकच होऊन बसतील, म्हणून ते 'तसाच' म्हणत. पुढच्याच वर्षी अथनासियसने लिहिलं की या मंडळींशी शत्रूसारखं वागू नका, त्यांना म्हणायचंय तेच जे आम्हाला, फक्त शब्दाला बिचकतात.

एरियसचं म्हणणं याहून फार पुढचं होतं. पुत्र शून्यातून निर्माण केलेला, 'तो नव्हता असंही होतं'. यात 'काळ' हा शब्द नाही हे लक्षात घ्या. 'एक काळ असा होता' असं त्याने मुद्दाम म्हटलं नाही, कारण पुत्र काळाच्याही आधीचा हे त्याला मान्य होतं. उत्तरात ही एक ओळ आली की तपासणाऱ्याला कळतं, पोराने वाचलंय.

परीक्षार्थी: सर, पण माझा शापाचा प्रश्न तसाच राहिला.

जुनी पोथी: येतो. ३२५ मध्ये हे दोन्ही शब्द बऱ्याच जणांच्या तोंडी एकाच अर्थाचे होते. त्यातून एरियसने आपल्या बिशपला, अलेक्झांडरला, लिहिलेल्या पत्रात 'तीन हुपोस्टासिस' हेच शब्द वापरले होते. त्यामुळे काहींना त्या शब्दांनाच एरियसचा वास येई. खरं तर ते ओरिगेनपासून चालत आलेले, एरियसची काही ती मिरास नव्हती. पश्चिमेकडे आणखी घोळ. लॅटिनवाले तर्तुल्लियनपासून 'सब्स्टान्सिया' एक, 'पर्सोना' तीन म्हणत. सब्स्टान्सिया म्हणजे खाली उभं असलेलं, आणि हुपोस्टासिसची घडणही नेमकी तीच. तेव्हा ग्रीक माणूस 'हुपोस्टासिस तीन' म्हणाला की लॅटिन कानाला तीन तत्त्वं, म्हणजे तीन देव ऐकू येत. जेरोम सिरियाच्या वाळवंटात होता तेव्हा त्याच्यामागे लोक हे तीन कबूल कर म्हणून लागले. त्याने वैतागून रोमच्या बिशपला, दमाससला, पत्र लिहिलं, तुम्ही सांगा, मी काय म्हणू?

गाठ सुटली ती ३६२ मध्ये, अलेक्झांड्रियाच्या छोट्याशा परिषदेत. अंत्युखियात निकिया मानणारेच दोन गट होते, एक म्हणे हुपोस्टासिस तीन, दुसरा म्हणे एक. परिषदेच्या वतीने अंत्युखियाला जे पत्र गेलं त्यात ही चौकशी नोंदवली आहे. आधी तीनवाल्यांना विचारलं, 'एरियसवाल्यांसारखे एकमेकांपासून तुटलेले, परके, असे तीन म्हणता? की तीन देव?' ते म्हणाले, 'छे, देव एकच. पण पिता खराच पिता आहे, पुत्र खराच पुत्र, नुसती नावं नाहीत, म्हणून तीन.' मग एकवाल्यांना विचारलं, 'सबेलियससारखं म्हणता? पुत्राला पुसून टाकता?' ते म्हणाले, 'नाही, आम्ही हुपोस्टासिस हा शब्द ऊसियाच्याच अर्थाने घेतो.' दोघांनी एकमेकांचं ऐकलं आणि दोघंही निकियाचेच निघाले.

म्हणून तुमच्या उत्तरात असं लिहा, की शापातला हुपोस्टासिस आणि सूत्रातला हुपोस्टासिस यांत शब्द तोच, काम वेगळं. पुढे कप्पदोकियाच्या मंडळींनी वाटणी पक्की केली. त्यांतलाच कैसरियाचा बासिल एका पत्रात लिहितो, ऊसिया म्हणजे सामाईक, हुपोस्टासिस म्हणजे विशिष्ट. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या नावाने जो मजकूर आपण आज म्हणतो, त्यात ते शाप नाहीतच.

इकार-उकार: म्हणजे अंत्युखियातलं भांडण मिटलं?

जुनी पोथी: शब्दांचं मिटलं. बिशप कोण, मेलेतियस की पौलिनस, यावरून फूट पुढे कित्येक वर्षं राहिली. पौलिनसला तर त्याच वर्षी घाईघाईने बिशप करून टाकलं होतं.

वसईकरीण: मी रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. आमच्याकडे 'तीन व्यक्ती, एक देव' म्हणतात. मुलं लगेच विचारतात, टीचर, तीन व्यक्ती म्हणजे तीन देवच ना? 'व्यक्ती' म्हटलं की वेगवेगळी तीन माणसंच दिसतात. मी 'रूपं' म्हणू का?

जुनी पोथी: ताई, 'रूपं' नको, वर गोदाकाठ तिथेच घसरले. मुलांचा प्रश्न मात्र अस्सल आहे. हाच प्रश्न आब्लाबियसने निस्साच्या ग्रेगरीला केला होता. पेत्र, याकोब, योहान यांचा मनुष्यस्वभाव एक, तरी आपण तीन माणसं म्हणतो, मग तीन देव का नाही? ग्रेगरीचं एक उत्तर असं की 'तीन माणसं' हीच बोलण्याची ढिलाई आहे, स्वभाव एकच. दुसरं असं की तीन माणसं तीन कामं वेगळी करतात, पण देवाचं प्रत्येक काम एकच असतं. ते पित्यापासून निघतं, पुत्राच्या द्वारे येतं, आत्म्यात पूर्ण होतं.

इकार-उकार: पहिलं उत्तर मला पटलं नाही. मनुष्यस्वभाव एक म्हणून मी आणि शेजारी एक माणूस होत नाही.

जुनी पोथी: पुष्कळांना पटत नाही. पेपरात दुसऱ्यावर भर द्या.

परीक्षार्थी: आणि मराठी शब्द? ऊसियाला 'तत्त्व' लिहिलं तर चालेल ना?

जुनी पोथी: चालेल, पण सांभाळून. इब्री लोकांस पत्र १:३ काढा. पुत्र देवाच्या 'तत्त्वाचे प्रतिरूप' आहे असं तिथे आपण वाचतो, आणि ग्रीकमध्ये त्या जागी ऊसिया नाही, हुपोस्टासिस आहे.

वसईकरीण: म्हणजे आपला अनुवाद अंत्युखियातल्या एकवाल्यांच्या बाजूचा!

परीक्षार्थी: मी सरळ ग्रीक शब्द देवनागरीत लिहितो आणि पहिल्या परिच्छेदात 'सामाईक' आणि 'विशिष्ट' हे बासिलचं सांगतो. 'व्यक्ती' शेवटी एकदाच येईल.

गोदाकाठ: ते ठीक, पण पवित्र आत्म्याचं काय? निकियात तर त्याच्याबद्दल एकच ओळ आहे.

जुनी पोथी: त्यासाठी वेगळा धागा काढा. त्याच्यावरचं भांडण ३६०च्या आसपास पेटलं, आणि तिथे बासिलने जो शब्द मुद्दाम टाळला त्यावर आजही वाद घालता येतो.