‘थकीत’ लिहू, ‘प्रलंबित’ लिहू की नुसतं ‘बाकी’?

तृप्ती, सोलापूर:
मी घरून डिझाइनची कामं घेते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा कॅटलॉग करून दिला. बिल क्रमांक २३, तारीख १२ ऑगस्ट, रक्कम ३०,००० रुपये, बिलावरच मुदत १५ दिवस लिहिलेली. मालकांनी १४ ऑगस्टला व्हॉट्सॲपवर बिल मान्य केलं आणि तेव्हापासून गप्प आहेत. माझ्या मेसेजवर निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. आज १८ सप्टेंबर. आता ईमेल करायचा आहे, त्याचा मसुदा असा:

“आदरणीय साहेब, आपणास वारंवार त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व. आपण माझे बिल मान्य करून अकाउंट विभागाकडे दिले आहे, तथापि सदर बिल बऱ्याच दिवसांपासून थकीत आहे. तरी कृपया आपल्या सोयीने लवकरात लवकर पेमेंट करण्यात यावे ही नम्र विनंती.”

‘थकीत’ फार कडक होतं का? ‘प्रलंबित’ बरं वाटेल का? माणूस चांगला आहे, पुढचंही काम मिळू शकतं. तोडायचं नाही.

विनायक:
फॉलो-अपला ‘पाठपुरावा’ हा उत्तम शब्द आहे. काही जण ‘अनुवर्तन’ सुचवतात, पण तो कोशातच शोभतो. विषयाच्या ओळीत ‘पाठपुरावा’ लिहा.

तृप्ती, सोलापूर:
विनायकजी, मला फॉलो-अपचा प्रतिशब्द नको आहे हो. पत्रातले शब्द नीट बसवायचे आहेत.

चाटीगल्लीकर:
विनायकरावांनी आणलाच आहे तर सांगतो, ‘पाठपुरावा’ विषयात नको. पाठपुरावा आपण करतो, ते आपल्या डायरीत लिहायचं. समोरच्याला वाचताना ‘तगादा’ ऐकू येतो. विषयाच्या ओळीत बिलाचा क्रमांक, कामाचं नाव आणि रक्कम टाका. मालक ते पत्र नुसतं अकाउंटवाल्याकडे ढकलणार, त्याला वरच्या ओळीवरून फाइल सापडली पाहिजे.

आता तुमचा प्रश्न. मी कापडाच्या पेढीवर वह्या लिहिण्यात आयुष्य काढलं, तिथला अर्थ सांगतो. ‘प्रलंबित’ म्हणजे लोंबकळलेलं. काही निर्णय व्हायचा राहिलाय असं त्यातून निघतं. अर्ज प्रलंबित, खटला प्रलंबित. तुमचं बिल तर मान्य झालंय म्हणता, मग लोंबकळतंय काय? ‘प्रलंबित’ लिहून तुम्ही स्वतःच मान्यतेबद्दल शंका काढताय. ‘थकीत’ म्हणजे मुदत टळलेलं. २७ ऑगस्टला मुदत संपली, म्हणजे शब्द बरोबर आहे. फक्त त्याला पतसंस्थेच्या नोटिसीचा वास आहे, थकीत कर्जदार, थकबाकीदार. आणि ‘बाकी’ हा वहीतला शब्द, येणे बाकी, देणे बाकी. त्यात कुणाला डाग लागत नाही, पण मुदत गेली की नाही तेही कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं, विशेषण लावूच नका. “या बिलाची मुदत २७ ऑगस्टला संपली” असं सरळ वाक्य लिहा. तारीख आपली आपण बोलते.

पण त्याआधी एक विचारतो. मालकांनी १४ ऑगस्टला नेमकं काय लिहिलं होतं? त्यांचे शब्द द्या, तुमचे नको.

होटगीरोड:
एवढं गोड बोलायचं कशाला बे? सरळ लिहायचं, एमएसएमईचा कायदा आहे, ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर तिप्पट व्याज. दुसऱ्या दिवशी पैसे जमा होतात की नाही बघा.

तृप्ती, सोलापूर:
काका, त्यांचा मेसेज जसाच्या तसा देते: “बिल भेटलं. बरोबर आहे. अकाउंटला देतो.”

चाटीगल्लीकर:
हेच पाहिजे होतं. तुमच्या मसुद्यात आहे “अकाउंट विभागाकडे दिले आहे”. त्यांनी लिहिलंय “देतो”. आपल्याकडे ‘देतो’, ‘करतो’, ‘पाठवतो’ हे दिसायला वर्तमानकाळ, पण काम अजून व्हायचं असतं. “पाठवतो” म्हणणाऱ्यानं पाठवलेलं नसतंच, पाठवलं असतं तर “पाठवलं” म्हणाला असता.

म्हणजे तिथं तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘भेटलं’ म्हणजे पोच. ‘बरोबर आहे’ म्हणजे रक्कम मान्य, हे तुमच्या हातातलं सगळ्यात मोलाचं वाक्य. आणि ‘देतो’ हा वायदा. हे बिल मालकांच्या फोनमध्येच पडून असण्याची शक्यता मला जास्त दिसते. पैसे द्यायचे नाहीत म्हणून गप्प बसणारा माणूस सहसा ‘बरोबर आहे’ लिहीत नाही, ‘बघतो’ लिहितो.

तुम्ही ‘दिले आहे’ लिहिलंत तर मालक मनात म्हणतील, अरे, आपण दिलं वाटतं, मग अकाउंटवाला बघेल. आणि अकाउंटवाल्याला पत्ताच नसेल. त्यांचं वाक्य अवतरणात जसंच्या तसं टाका, ‘भेटलं’चं ‘मिळाले’ सुद्धा करू नका.

ऑडिटवाली:
होटगीरोड, कायदा आहे पण तुम्ही सांगता तसा पूर्ण नाही. २००६ च्या त्या कायद्यात ४५ दिवस ही लेखी करार असेल तेव्हाची कमाल मर्यादा आहे. करारच नसेल तर १५ दिवस. व्याजही मूळ रकमेच्या तिप्पट नव्हे. रिझर्व्ह बँकेचा जो बँक दर असतो त्याच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ. आणि काम देण्याआधी उद्यम नोंदणी झालेली असली तर यातलं बरंच काही हाताशी येतं. तृप्ती, तुमची नोंदणी आहे का?

तृप्ती, सोलापूर:
नाही. करायची राहिली आहे.

ऑडिटवाली:
मग या बिलापुरतं ते नाव पत्रात आणू नका. त्यांचा सीए पहिला प्रश्न उद्यम क्रमांकाचाच विचारेल. पुढच्या कामाआधी नोंदणी करून घ्या, फुकट आहे, आणि क्रमांक बिलावर छापा. तो छापलेला असला की पत्रात कायद्याचा शब्दही लिहावा लागत नाही. नोंदणी असलेल्या लहान सेवा देणाऱ्याचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च आयकरात त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी धरतात. २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून हे लागू झालं. मार्च जवळ आला की सीएच मालकाला यादी काढायला लावतो.

होटगीरोड:
बरं, व्याजाचं माझं चुकलं असेल. पण ‘नम्र विनंती’नं पैसे येत नाहीत, यावर मी ठाम आहे.

सुनीता, अनुवादक:
माझं सांगते. एका संस्थेनं माझं बिल ‘ओके’ म्हणून स्वीकारलं आणि पुढे शांतता. मी एकाहून एक नम्र पत्रं लिहिली. शेवटी वैतागून एका ओळीत विचारलं, “माझ्याकडून काही कागद राहिलाय का?” त्याच दिवशी उत्तर आलं. माझं पॅन माहेरच्या नावाचं, बँक खातं सासरच्या नावाचं, म्हणून अकाउंटवाल्यानं बिल बाजूला ठेवलं होतं. मला कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याआधीच्या सगळ्या पत्रांत मी फक्त विनंती केली होती, विचारलं काहीच नव्हतं.

चाटीगल्लीकर:
सुनीताताईंचा मुद्दा मसुद्यात घेऊ. विनंतीला उत्तर द्यावं लागत नाही, प्रश्नाला द्यावं लागतं. आता तुमच्या मसुद्यातले बाकीचे शब्द.

‘त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व’ काढा. पैसे तुमचे, काम तुम्ही केलं, माफी कशाची?

‘आपल्या सोयीने लवकरात लवकर’ यातले दोन्ही शब्द एकमेकांना खातात. ‘सोयीने’ लिहिलंत तिथंच तारीख त्यांच्या हातात गेली. दसरा-दिवाळीच्या तोंडावर सूतवाल्याचे, डाइंगवाल्याचे पैसे आणि कामगारांचा बोनस असतो, त्यांच्या सोयीत तुमचा नंबर शेवटी. ‘लवकरात लवकर’ला तर काही मापच नाही.

‘करण्यात यावे’ हे कचेरीचं वाक्य. कोणी करावं ते त्यात नाही, म्हणून कोणी करत नाही.

आणि “पेमेंट कधी होईल?” असंही नको. ‘कधी’ला ‘बघतो’ हे उत्तर चालतं. तारीख तुम्ही द्या आणि हो की नाही विचारा. आम्ही पेढीवर विचारायचो, “मग कोणती तारीख धरू?” ‘धरू’ म्हटलं की समोरचा आकडा बोलतो, कारण तुम्ही तो वहीत लिहिणार हे त्याला कळतं.

तृप्ती, सोलापूर:
पुन्हा लिहिलंय, बघा:

“विषय: टॉवेल कॅटलॉग, बिल क्र. २३, रु. ३०,०००

नमस्कार साहेब,
१२ ऑगस्टच्या बिलाबद्दल आपण १४ ऑगस्टला ‘बिल भेटलं. बरोबर आहे. अकाउंटला देतो.’ असं कळवलं होतं. बिलाची मुदत २७ ऑगस्टला संपली. बिल अकाउंटकडे पोचलं आहे का? प्रत पुन्हा जोडली आहे, त्यावर पॅन आणि बँकेचा तपशील आहे. आणखी काही कागद हवा असल्यास सांगा, आजच पाठवते.
२५ सप्टेंबरपर्यंत रक्कम जमा होईल का? नसेल तर कोणती तारीख धरू?
तृप्ती”

विनायक:
मजकूर स्वच्छ झाला. पण औपचारिक पत्रात ‘भेटलं’ खटकतं. माणूस भेटतो, वस्तू मिळते. निदान अवतरणात तरी ‘मिळालं’ करा.

चाटीगल्लीकर:
सोलापुरात बसही भेटते आणि भाकरीही भेटते. शिवाय ते त्यांचं वाक्य आहे. उद्या वाद झाला तर मेसेज आणि पत्र शब्दाला शब्द जुळलं पाहिजे.

सुनीता, अनुवादक:
मला ‘मुदत संपली’ एवढं कोरडं नको वाटतं. ‘मुदत होऊन गेली आहे’ म्हटलं तर? थोडं मऊ होतं.

होटगीरोड:
मऊ करून करून परत ‘सोयीने’वर याल.

ऑडिटवाली:
‘संपली’च राहू द्या, तारखेसोबत आहे म्हणून टोचत नाही. एक भर घाला. ते टीडीएस कापणार असतील तर जमा होणारी रक्कम ३०,००० पेक्षा कमी येईल. ‘पूर्ण रक्कम’ असं कुठे लिहू नका, नाहीतर तेवढ्यावरून परत पत्रापत्री.

तृप्ती, सोलापूर:
पाठवलं. उत्तर आलंसुद्धा: “अकाउंटवाल्याला विचारतो. त्याला डायरेक पाठवा ना बिल.” सोबत अकाउंटवाल्याचा नंबर दिलाय. म्हणजे बिल खरंच त्यांच्याकडेच होतं. तारखेबद्दल मात्र एक अक्षर नाही. आता २५ तारीख अकाउंटवाल्याला विचारू की परत मालकांना?

होटगीरोड:
मालकाला. पैसे तोच सोडणार.

चाटीगल्लीकर:
मी आधी अकाउंटवाल्याला बिल आणि मालकांचा हा मेसेज दोन्ही पाठवीन, नाहीतर तो “मालकांनी काही सांगितलं नाही” म्हणेल. त्याला तारीख विचारू नका, “नोंद झाली का” एवढंच विचारा. नोंद झाली म्हणाला की मालकांना एक ओळ: “बिलाची नोंद झाली आहे, २५ धरते.” प्रश्नचिन्ह नको.

सुनीता, अनुवादक:
न विचारता ‘धरते’? मला नाही जमणार ते.