‘फिरणे’ : बाटली फिरते की कॅमेरा?

शब्दवेडी : मजकुरावरून व्हिडिओ तयार करणाऱ्या साधनाला मी एवढंच लिहिलं होतं : ‘टेबलावर स्टीलची बाटली, कॅमेरा फिरतो, मंद प्रकाश.’ मला बाटली सगळ्या बाजूंनी बघायची होती. पाच सेकंदांच्या क्लिपमध्ये कॅमेरा जागेवरच वळला, बाटली चौकटीबाहेर गेली आणि उरलेला वेळ रिकामी भिंत दिसत राहिली. शिवाय सगळं अंधारलेलं. ‘फिरणे’साठी नेमका शब्द कुठला वापरावा?

पाटीपेन्सिल : शब्द शाळेच्या भूगोलातच आहेत की! पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. तुम्हाला कॅमेऱ्याचं परिभ्रमण हवंय. तसं लिहा, काम झालं.

लेन्सकाका : भेद अगदी बरोबर, पण काम होईलच असं नाही. बाटलीशेजारी ‘परिभ्रमण’ हा शब्द त्या साधनाने शिकताना क्वचितच पाहिला असणार. शिवाय तुमच्या जोडीत तिसरी हालचाल बसत नाही, आणि घोळ तिनेच केलाय : कॅमेरा स्टँडवर राहून नुसती मान वळवतो, तो पॅन. बाटलीभोवती फेरी मारतो तो ऑर्बिट. आणि कॅमेरा स्थिर ठेवून बाटलीच फिरवली तर टर्नटेबल. मराठीत तिन्हींना आपण ‘फिरतो’च म्हणतो. म्हणून एका शब्दाच्या मागे न लागता कोण हलतं, कशाभोवती आणि किती, हे वाक्यात सांगावं.

चकाकी : टर्नटेबल मी वापरते, अंगठ्यांच्या फोटोंसाठी. मोटार हळू केली की झटके बसतात. तुमचं टेबल कुठल्या प्रकारचं आहे?

शब्दवेडी : अहो, टेबलही नाही आणि बाटलीही नाही. सगळं लिहूनच घडवायचंय.

चकाकी : अरेच्चा, मी वेगळंच समजले. पण एक सांगते, टर्नटेबलवर अंगठी कितीही फिरवा, सावलीची दिशा बदलत नाही.

लेन्सकाका : चकाकीताई, तुम्ही नकळत परीक्षाच सांगितलीत. पार्श्वभूमी साधी, एकरंगी असली की ऑर्बिट आणि टर्नटेबल जवळजवळ सारखेच दिसतात. तेव्हा सावली बघायची. बाटली फिरत असेल तर सावली जिथल्या तिथे राहते, अंगावरची उजेडाची उभी पट्टीही हलत नाही आणि नक्षी तिच्याखालून सरकत जाते. कॅमेरा फिरत असेल तर सावली चौकटीत कलत जाते आणि पट्टीही सरकते. क्लिपमध्ये सावली स्थिर आणि पट्टी मात्र भटकतेय, असं दिसलं तर साधनाने दोन्ही हालचाली मिसळल्या असं समजा.

‘मंद’बद्दलही बोलायला हवं. मंद म्हणजे कमी उजेड. तुम्हाला बहुतेक मऊ उजेड हवा होता, म्हणजे कडा विरलेली सावली. मऊ उजेड भरपूरही असू शकतो. वस्तूच्या मानाने दिवा मोठा आणि जवळ असला की तो मऊ पडतो. स्टीलवर तर दिव्याचं प्रतिबिंबच दिसतं, म्हणून दिव्याचा आकारही सांगा. नाहीतर एखादा पांढरा ठिपका भगभगत राहतो.

पाटीपेन्सिल : ‘सौम्य’ म्हटलं तर?

लेन्सकाका : सौम्य मला दोन्हीकडे झुकणारा वाटतो. दिवा सांगितलेला बरा, इथे सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआडचा मोठा दिवा. मी असं लिहीन :

```
साध्या राखाडी टेबलावर, चौकटीच्या मध्यभागी नक्षी
नसलेली स्टीलची बाटली. कॅमेरा बाटलीच्या उंचीवर.
कॅमेरा बाटलीकडेच रोखून तिच्याभोवती डावीकडून
उजवीकडे अतिशय हळू, सुमारे 30 अंशांची कमान घेतो.
बाटली स्थिर. डावीकडून मोठ्या सॉफ्टबॉक्सचा मऊ,
भरपूर उजेड; उजवीकडे विरलेली सावली.
```

शब्दवेडी : फक्त 30 अंश? मला पूर्ण फेरी हवी होती.

लेन्सकाका : पाच सेकंदांत पूर्ण फेरी म्हणजे सेकंदाला 72 अंश. बघणाऱ्याला गरगरेल. आणि मागची बाजू साधनाला मनानेच रचावी लागते, त्यात झाकण बदलतं किंवा बाटली जाड-बारीक होते. नावाची अक्षरं तर बऱ्याचदा वितळतात. म्हणून बाटली कोरी ठेवा आणि नाव नंतर संकलनात घाला.

शब्दवेडी : करून पाहिलं. या वेळी बाटली मध्येच राहिली आणि सावली चौकटीत कलताना दिसली, म्हणजे कॅमेराच फिरला. पण शेवटच्या सेकंदात तो थोडा वरही चढला. ‘कॅमेरा वर जाऊ नये’ असं जोडलं, तर तो आणखीच वर गेला!

लेन्सकाका : नकार बऱ्याचदा उलटतो, ‘वर’ हा शब्द तेवढा पकडला जातो. ‘पूर्ण वेळ एकाच उंचीवर’ असं होकारार्थी लिहून बघा.

पाटीपेन्सिल : ते सगळं ठीक, पण ‘पॅन’ला मराठी शब्द राहिलाच. ‘मानवळण’ कसा वाटतो?

चकाकी : ऐकून मानच अवघडली.