पुनर्जन्म ओळखायची तिबेटी पद्धत: श्रद्धा की गादीचा वारस ठरवायची सोय?

केतकी_नि
जुलै २०२५ मध्ये दलाई लामांनी जाहीर केलं की आपल्यानंतरही ही परंपरा चालू राहील आणि पुढचा अवतार शोधायचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोड्रांग ट्रस्टचा. चीन म्हणतंय आमच्या मंजुरीशिवाय काही नाही. माझा प्रश्न असा की लहान मुलाला गेलेल्या लामाचा अवतार मानणं ही श्रद्धेची गोष्ट, मग ती राज्याचा वारस ठरवायची पद्धत कशी झाली? मला तर वाटतं ही पद्धत पहिल्यापासून राजकारणासाठीच होती. पटत नसेल तर सांगा.

उत्तरवाट
नाही पटत. सुरुवात काग्यू पंथाच्या कर्मापा लामांपासून झाली, म्हणजे १३ व्या शतकात, आणि तेव्हा तिबेटवर राज्य कर्मापांचं नव्हतंच. प्रश्न होता मठाचा. भिक्षू ब्रह्मचारी, मुलगा नाही, मग गेलेल्या लामाच्या नावावरचं सगळं कुणाकडे जाणार? मोठ्या लामाचा स्वतःचा एक संसारच असतो, त्याला लाब्रांग म्हणतात. त्यात जमिनी, कुळं, याक, मूर्ती, ग्रंथ, देणेकरी आणि हे सगळं सांभाळणारा कारभारी. दुसऱ्या घराण्यांनी सोपी वाट काढली होती, साक्य मठात गादी काकाकडून पुतण्याकडे जायची. पण त्यात मठ एका कुटुंबाचा होऊन बसतो. लामा स्वतःच परत येतो असं मानलं की लाब्रांग फुटत नाही, मालक तोच राहतो, फक्त काही वर्षं तो लहान असतो. ही काही वर्षंच पुढे सगळ्या राजकारणाचं मूळ झाली.

विठ्ठलवाडीकर
विषय चांगला आहे. आमच्या गावच्या मठातही महाराज ब्रह्मचारीच, पण तिथे महाराज हयातीतच शिष्याला पुढे करतात, सगळ्या गावासमोर शाल घालतात, मग नंतर वाद होत नाही (झाला एकदा, कोर्टात गेला, पण मिटला). तिबेटी लोकांनी एवढा साधा मार्ग का नाही घेतला? लहान मुलाला आईबापांपासून नेऊन मठात ठेवायचं हे मला तरी बरोबर वाटत नाही, श्रद्धा कितीही असो.

उत्तरवाट
@विठ्ठलवाडीकर हा मार्ग त्यांच्याकडे होताच की, तोही त्याच पंथात. दलाई लामा गेलुग पंथाचे, पण त्या पंथाचा अधिकृत प्रमुख म्हणजे गादेन मठाचा त्रिपा, आणि तो अवतार म्हणून येत नाही, वर्षानुवर्षं अभ्यास करून पायऱ्या चढत येतो, गादीवर साधारण सात वर्षं बसतो आणि उतरतो. गरिबाघरचा भिक्षूही तिथवर पोचू शकतो. तरी सत्ता गेली ती दलाई लामांकडे. माझ्या मते कारण हे की नेमलेला शिष्य चाळिशी-पन्नाशीचा असतो, त्याचा गट असतो, शत्रू असतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं कुणाशी वैर नसतं, आणि आधीच्या लामावर ज्या सरदाराची भक्ती होती त्याची भक्ती तशीच पुढे चालते. मुलाच्या बाजूने तुम्ही म्हणता ते मात्र खरंय, त्याला कुणी विचारत नाही.

केतकी_नि
मग राजकारण शिरलं कधी ते सांगा ना, तुम्ही तर मठातच थांबलात.

उत्तरवाट
१५७८ पासून. मंगोल राजा अल्तान खान आणि सोनम ग्यात्सो भेटले, खानाने त्यांना दलाई लामा ही पदवी दिली, आणि आधीचे दोन अवतार मागे जाऊन मोजले म्हणून ते तिसरे. ते १५८८ मध्ये वारले आणि चौथे सापडले कुठे तर खुद्द अल्तान खानाच्या वंशात, त्याचा पणतू. मग १६४२ मध्ये गुश्री खान नावाच्या दुसऱ्या मंगोल राजाने तिबेटवर तेव्हा सत्ता असलेल्या त्सांगच्या राजाला हरवलं आणि जिंकलेला तिबेट पाचव्या दलाई लामांच्या पायाशी ठेवला. तिथून एका मठाचा वारस शोधायची रीत ही देशाचा प्रमुख शोधायची रीत झाली, आणि रीत मात्र एका शब्दानेही बदलली नाही, तीच स्वप्नं, तेच शकुन, गेलेल्या लामाच्या वस्तू ओळखायची तीच परीक्षा.

आणि परीक्षेबद्दल सगळ्यात प्रामाणिक साक्ष पाचव्या दलाई लामांचीच आहे. आत्मचरित्रात ते सांगतात की लहानपणी एक अधिकारी आला, त्याने मूर्ती नि जपमाळा पुढे ठेवल्या, मला त्यातली एकही ओळखता आली नाही, पण तो खोलीबाहेर जाऊन लोकांना म्हणाला की मुलाने सगळं बरोबर ओळखलं. तोच माणूस नंतर त्यांचा गुरू झाला आणि आठवण करून द्यायचा की तुला वस्तू ओळखता आल्या नव्हत्या, तेव्हा अभ्यास जोरात कर. तिबेटच्या सगळ्यात ताकदवान दलाई लामाने हे स्वतः लिहून ठेवलंय, म्हणून मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

रोखठोक_७
हे सगळं ठीक, पण आजचा वाद चीनने उभा केलाय. सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढायची ही भानगड कम्युनिस्टांनी १९९५ ला पंचेन लामाच्या, म्हणजे दलाई लामांच्या खालोखाल मानल्या जाणाऱ्या अवतारी लामाच्या वेळी शोधून काढली, त्याआधी असलं काही नव्हतं. दलाई लामांनी ज्या सहा वर्षांच्या मुलाला पंचेन म्हणून ओळखलं त्याला तीन दिवसांत उचललं, तो आजतागायत कुणाला दिसला नाही. त्यामुळे परंपरेला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मीरा_क
@रोखठोक_७ मुलाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर, १४ मे १९९५ ला घोषणा आणि १७ मे ला मुलगा नि त्याचे आईवडील गायब. ज्या मठाधिपतीने शोध घेतला त्यालाही अटक झाली. पण कलश जुना आहे हो. तो १७९३ चा, छिंग बादशहा छियेनलुंगचा. एक कलश ल्हासाच्या जोखांग मंदिरात आणि एक बीजिंगमध्ये. हस्तिदंती पट्ट्यांवर उमेदवारांची नावं लिहायची, कलशात टाकायची आणि बादशहाच्या प्रतिनिधीसमोर काढायची.

आणि तो का आणला ते बघा, कारण तिबेटींना ते ऐकायला आवडत नाही. सहावे पंचेन लामा १७८० मध्ये बीजिंगला देवीच्या रोगाने वारले, त्यांना मिळालेल्या भेटींची प्रचंड संपत्ती मागे राहिली. त्यांचा सावत्र भाऊ होता शामारपा, तोही मोठा अवतारी लामा पण दुसऱ्या पंथाचा, त्याला त्यातलं काही मिळालं नाही. तो नेपाळला गेला आणि पुढे गुरख्यांनी तिबेटवर दोनदा स्वारी केली, १७९१ मध्ये पंचेन लामांचा ताशिल्हुन्पो मठ लुटला. बादशहाला सैन्य पाठवावं लागलं. त्याचं म्हणणं सरळ होतं, मोठमोठे अवतार एकाच घरात कसे काय जन्म घेतात? शामारपाची संपत्ती जप्त केली आणि त्याचे अवतार ओळखायला बंदी घातली, जी विसाव्या शतकातच उठली. म्हणजे पुनर्जन्मावर सरकारी बंदी. २००७ मध्ये चीनने प्रत्येक अवताराला सरकारी मंजुरी लागेल असा नियम काढला तो याच वाटेवरचा.

रोखठोक_७
कलश जुना असेल, मानतो. पण बादशहा निदान बौद्ध धर्म मानणारा होता. देव न मानणारा पक्ष पुनर्जन्माला परवाना देणार, हे एकाच मापात मोजू नका. शिवाय तेराव्या आणि चौदाव्या दलाई लामांच्या वेळी कलश वापरलाच नाही, म्हणजे ती अट कधी पक्की नव्हतीच.

उत्तरवाट
नवव्याच्या वेळीही नाही वापरला. तुमचा हा मुद्दा जोरदार आहे.

पण केतकी, मला विचाराल तर राजकारण चिठ्ठीत नाहीच, ते एक लामा गेल्यापासून पुढचा मोठा होईपर्यंतच्या मधल्या वीस वर्षांत आहे. सहाव्या दलाई लामांचं उदाहरण घ्या. पाचवे १६८२ मध्ये वारले. त्यांचा कारभारी देसी सांग्ये ग्यात्सो याने ते पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नाही! पोताला राजवाडा अर्धवट, मंगोल दाराशी, म्हणून सांगितलं की दलाई लामा एकांतात ध्यानाला बसलेत, आणि मोठा पाहुणा आलाच तर चेहऱ्यावर सावली पडेल अशी टोपी घालून एक भिक्षू गादीवर बसवायचा. इकडे खरा मुलगा शोधला होता, तो तवांगकडचा, म्हणजे आज आपल्या अरुणाचलमधला. त्याला गुपचूप वाढवलं आणि १६९७ मध्ये एकदम पुढे आणलं तेव्हा तो चौदा वर्षांचा. १७०२ मध्ये त्याने पंचेन लामांसमोर भिक्षू व्हायला नकार देऊन घेतलेली व्रतंही परत केली, केस वाढवले, कविता लिहिल्या, ज्या तिबेटी आजही गातात. कारण ज्याला लहानपणी घडवायचं त्याला लपवून ठेवलं होतं.

मग मंगोल ल्हाझांग खानाने १७०५ मध्ये देसीला मारलं, पुढच्या वर्षी सहाव्यांना पदावरून काढून चीनकडे रवाना केलं, वाटेत ते वारले. खानाने स्वतःचा एक दलाई लामा बसवला. सैन्य त्याचं, ल्हासा त्याचं, तरी लोकांनी त्याला मानलंच नाही. सहाव्यांच्या एका कवितेत पांढऱ्या क्रौंचाकडे पंख मागितलेत, फार लांब नाही, पूर्व तिबेटातल्या लिथांगपर्यंत जाऊन येतो म्हणून. लोकांनी ते धरून ठेवलं आणि लिथांगला १७०८ मध्ये जन्मलेला मुलगाच सातवा मानला. शेवटी १७२० मध्ये चिनी सैन्याने त्यालाच आणून गादीवर बसवलं. म्हणून मी म्हणतो, सत्ता अवतार बसवू शकते, पण मानायला लावू शकत नाही.

केतकी_नि
पण शेवटी सातव्याला बसवलं सैन्यानेच ना? लोकांची निवड आणि सैन्याची सोय एकाच मुलावर येऊन जमली म्हणून तो टिकला. उलटं झालं असतं तर? आणि नववे ते बारावे बघा, नववे नऊ-दहा वर्षांचे असताना गेले, दहावे एकवीसच्या आसपास, अकरावे नि बारावे अठराच्या आतबाहेर. कारभार हातात घ्यायची वेळ आली की दलाई लामा वारतो आणि राज्य राजप्रतिनिधीकडेच राहतं, हा योगायोग?

उत्तरवाट
विषप्रयोगाचा पुरावा नाही, आजारही तेव्हा भयंकर होते. पण संशय तिबेटमध्येच होता. तेराव्यांनी १८९५ मध्ये कारभार घेतला आणि काही वर्षांतच आधीच्या राजप्रतिनिधीवर जादूटोण्याचा आरोप आला, एका लामाला भेट दिलेल्या बुटांच्या तळव्यात दलाई लामांच्या नावाने मंत्र शिवलेला सापडला म्हणून. राजप्रतिनिधी कैदेतच मेला. खरं काय ते मी सांगू शकत नाही, पण अशा घरात कुणाला सुरक्षित वाटत असेल?

गोंदियाकर
आमच्या जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, लहानपणापासून जाणं-येणं आहे. तुम्ही सगळे खान आणि बादशहांचं बोलताय पण तिथल्या म्हाताऱ्या माणसाशी बोललं की त्याच्यासाठी हा गादीचा प्रश्नच नसतो. त्याच्या गुरूने वचन दिलंय की मी परत येईन, एवढंच. आणि दलाई लामांनी तर २०११ मध्ये राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेत्याकडे सोपवले, मग पुढच्याला राजकीय वारस का म्हणायचं?

मीरा_क
@गोंदियाकर म्हणायचं कारण चीन तसं मानतो म्हणून. दलाई आणि पंचेन एकमेकांचे अवतार ओळखत आलेत, त्यामुळे ज्याच्या हातात पंचेन त्याला पुढचा दलाई ठरवायचा दावा करता येतो. १९९५ मध्ये चीनने कलशातून स्वतःचा पंचेन काढला तो त्यासाठीच. तुमच्या म्हाताऱ्यांची श्रद्धा मी कमी लेखत नाही, पण दोन पंधरावे दलाई लामा उभे राहिले तर त्यांच्यासमोर प्रश्न येणारच. दोन कर्मापांचा वाद १९९२ पासून चालूच आहे, सिक्कीममधल्या रुमटेक मठावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि तिथे तर चीन एकटा कारणीभूत नव्हता, आतलेच मोठे लामा दोन बाजूंना होते.

विठ्ठलवाडीकर
म्हणजे माझंच बरोबर, हयातीत शिष्य नेमावा.

उत्तरवाट
खुद्द दलाई लामांनीच २०११ च्या निवेदनात लिहिलंय की हयातीत नेमणूक किंवा जिवंतपणीच दुसऱ्या देहात अवतार हेही शक्य आहे. पण २०२५ मध्ये त्यांनी शोधाचीच वाट कायम ठेवली, म्हणजे ती मधली वीस वर्षं पुन्हा येणार. तोवर ट्रस्टमधली माणसं काय करतील, आणि मुलगा भारतात सापडला तर आपलं सरकार काय करेल, यावर कुणी सविस्तर लिहिणार असेल तर मला वाचायचंय.