डाएटिशियनचं पत्र आलं म्हणून अख्ख्या वर्गाने दाणे सोडायचे?

पंचवटीतली टीचर: दुसरीतल्या एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. डाएटिशियनने शाळेला दोन पानी पत्र धाडलंय. खिचडी नको, चिक्की नको, वर इंजेक्शन आम्ही टोचायचं! चाळीस पोरं सांभाळायची की हे? आमच्या लहानपणी नव्हत्या असल्या ॲलर्ज्या.

आहारवाली: अशी पत्रं मीच लिहिते, म्हणून गप्प बसवलं नाही. पूर्वी मीही दोन ओळींत भागवायचे, "नट्स टाळा" एवढंच. एका शाळेतल्या काकूंनी ते वाचून इमानदारीत काजू बाजूला काढले आणि कूट घातलेली काकडीची कोशिंबीर वाढली. वीस किलोचं पोर. आधी ओठाभोवती गांध्या, मग उलटी, मग खोकला आणि आवाज बसला. शाळेने सर्दीचं सिरप पाजून त्याला जिना उतरवत ऑफिसात नेलं. पोर वाचलं, पण तेव्हापासून मी पदार्थांची नावं लिहिते. कूट, ठेचा, खिचडी, दाण्याचं तेल, इतकंच काय, चिक्कीच्याच ताटात थापलेली राजगिऱ्याची वडीसुद्धा. चालणारं काय, तर घरचा डबा आणि धुतलेली फळं. वाढदिवसाचा खाऊ आईला विचारूनच.

नुसत्या गांध्या असतील तर ॲलर्जीचं सिरप द्या, आईला फोन करा आणि त्याच्याजवळच बसा. श्वास, आवाज बिघडला, उलट्या थांबेनात किंवा पोर मलूल पडलं, तर सिरपची वाट बघायची नाही. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आडवं झोपवून. धाप लागत असेल तर बसवा, पण चालवू नका. मग १०८. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी दवाखाना चुकत नाही, काही तासांनी पुन्हा उलटू शकतं. डोस मी ठरवत नाही, बालरोगतज्ज्ञांच्या सहीचा कागद सोबत असतो. वीस किलोला साधारण ०.२ मिली.

सिडकोकर: खिचडीचं समजलं. पण तेलाची भीती कशाला घालता? तेलात प्रोटीन नसतंच.

आहारवाली: रिफाइंडपुरतं बरंचसं खरं. घाण्याच्या तेलात राहतं.

घाणेवाले काका: झालं! आता आमचं लाकडी घाण्याचं तेलही विष! तीन पिढ्या तेच खातोय, कोणी मेलं नाही.

सिडकोकर: काका, विष कोण म्हणालं? तुमच्या डब्याच्या तळाशी गाळ बसतो ना, तो दाण्याचाच.

घाणेवाले काका: गाळ म्हणजे शुद्धतेची खूण! रिफाइंडवाल्यांनी किती दिले तुम्हाला?

इंदिरानगरची आई: माझ्या मुलीला दुधाने पोट फुगतं. तिचंही पत्र द्यावं का?

आहारवाली: ते दूध न पचणं, ताई. त्रास होतो, पण श्वास कोंडत नाही. शाळेला एक ओळ पुरे. आणि काका, तुमचं तेल खुशाल विका, फक्त त्या पोराच्या भाजीत नको.

पंचवटीतली टीचर: बरं, जिन्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आम्हीही ऑफिसातच नेलं असतं. पण ॲम्प्युल फोडून सिरिंज भरायची म्हणजे माझे हात थरथरणार. काही झालं तर सही कोणाची?

आहारवाली: भीती रास्त आहे. आपोआप टोचणारं पेन इथे सहज मिळत नाही, म्हणून हा खटाटोप. डॉक्टरांसमोर साध्या पाण्यावर शाळेतल्या दोघींनी सराव करा. सहीचं उत्तर माझ्याकडे नाही.

पंचवटीतली टीचर: वा, म्हणजे पत्र तुमचं आणि फास आमच्या गळ्यात! सोमवारी त्याच्या आईला बोलावते. आणि श्रावणात डब्यांत खिचडी आली की काय करायचं, ते तुम्हीच येऊन सांगा.

आहारवाली: येते. त्याला वेगळ्या बाकावर एकटं मात्र बसवू नका. खाऊन झालं की सगळ्यांचे हात साबणाने धुवा, सॅनिटायझरने दाणा जात नाही.

घाणेवाले काका: आणि तेलाचं?